मानेतली धमनी किती टक्के बंद?

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका आमच्याकडे तपासणीला आले, तेव्हा त्यांचा मुलगा आधीच्या रिपोर्टची फाइल छातीशी धरून उभा होता. वय ६६, रक्तदाब जुना, विडी दोन वर्षांपूर्वी सुटलेली. चार दिवसांआधी सकाळी चहा घेताना काकांच्या उजव्या हातातून कप निसटला. काय झालं ते सांगायला गेले, तर शब्दच फुटेना. दहा-बारा मिनिटांत हात आणि बोलणं दोन्ही पूर्ववत झालं. डॉक्टरांनी मानेची डॉपलर सोनोग्राफी करून घेतली. रिपोर्टात लिहून आलं होतं, ‘डावी आतली कॅरोटिड ७० टक्क्यांहून जास्त अरुंद.’ मुलाने विचारलं, “डॉक्टर, सत्तर टक्के ब्लॉक म्हणजे ऑपरेशन करावंच लागणार ना?”

त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी ते सत्तर टक्के आले कुठून, हे मला बघायचं होतं. सोनोग्राफीच्या यंत्रावर टक्केवारी मोजणारं बटण नसतं. यंत्र दोन गोष्टी देतं. एक म्हणजे धमनीचं करड्या छटांमधलं चित्र, आणि दुसरी म्हणजे तिच्यातून धावणाऱ्या रक्ताचा वेग. या दोन्हींवरून अरुंदपणाचा अंदाज माणूस बांधतो. अंदाज नीट बांधला तर तो फार भरवशाचा असतो. पण तो कशाकशावर उभा आहे हे ठाऊक नसेल, तर रिपोर्टातला एक आकडा माणसाला उगाच ऑपरेशनच्या टेबलापर्यंत नेऊ शकतो किंवा टेबलाची खरी गरज असताना घरी पाठवू शकतो.

मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड धमनी वर चढते. जबड्याच्या कोनाच्या आसपास तिला दोन फाटे फुटतात. बाहेरचा फाटा चेहऱ्याकडे आणि टाळूकडे जातो, आतला थेट मेंदूकडे. फाट्याच्या तोंडाशी आतली धमनी थोडी फुगीर असते आणि त्या फुगवट्यातच रक्ताचे भोवरे पडतात. मेद, चुना आणि जुनाट सूज यांचा जो थर धमन्यांच्या भिंतीत साठतो, तो नेमका इथे साठतो. आम्ही त्याला प्लाक म्हणतो. काकांना जे झालं ते बहुधा डाव्या बाजूच्या अशाच थरावरून सुटलेल्या एखाद्या बारीक गुठळीमुळे झालं होतं. डावा मेंदू उजवा हात चालवतो, आणि बहुतेकांची वाचाही तिथेच असते.

आता टक्केवारीचा हिशेब. १९९१ साली अमेरिका आणि कॅनडातल्या रुग्णालयांनी मिळून केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले. त्याला नॅसेट म्हणतात, आणि हेन्री बार्नेट हे त्याचे प्रमुख होते. या अभ्यासात धमनीत रंगद्रव्य सोडून एक्स-रे घेतले आणि मोजण्याची एक रीत ठरवली. सर्वांत अरुंद जागेचा व्यास घ्यायचा आणि त्याची तुलना वरच्या, निरोगी सरळ धमनीच्या व्यासाशी करायची. वरची धमनी ५ मिलिमीटर आणि अरुंद जागा २ मिलिमीटर असेल, तर ६० टक्के अरुंदपणा. युरोपातल्या अभ्यासाने मात्र तुलना फुगवट्याच्या मूळ रुंदीशी केली. समजा मूळ फुगवटा ८ मिलिमीटरचा आहे, थर साचून आत ४ मिलिमीटरची वाट उरली आहे, आणि वरची धमनी ५ मिलिमीटरची आहे. युरोपच्या रीतीने हा अरुंदपणा ५० टक्के, नॅसेटच्या रीतीने फक्त २० टक्के. धमनी एकच, रक्त तेवढंच, आणि रिपोर्ट दोन! आज जगभर बहुतेक ठिकाणी नॅसेटची रीत वापरतात. पण पडद्यावर भरलेला फुगवटा पाहून डोळ्यांनी ‘अर्धी बंद’ म्हणून टाकण्याचा मोह प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला होतो. मलाही झाला होता.

म्हणूनच चित्राच्या जोडीला वेग लागतो. बागेतल्या नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी जोरात उसळतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. व्यास निम्मा झाला की वाटेचं क्षेत्रफळ चौथा हिस्सा होतं. तेवढंच रक्त तेवढ्याच वेळात जायचं असेल तर त्याला कितीतरी जोरात धावावं लागतं. शरीरात हा हिशेब कागदावरच्यासारखा काटेकोर चालत नाही. म्हणून हजारो रुग्णांचे वेग आणि त्यांचेच रंगद्रव्याचे एक्स-रे शेजारी ठेवून कोष्टकं बनली. त्यातलं सर्वाधिक वापरलं जाणारं कोष्टक २००२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या तज्ज्ञांनी ठरवलं आणि पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध झालं. हृदयाच्या ठोक्याबरोबर रक्ताचा वेग ज्या शिखराला पोचतो, तो पडद्यावर PSV या अक्षरांपुढे दिसतो. आतल्या कॅरोटिडमध्ये हा वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल आणि थोडा थर दिसत असेल, तर अरुंदपणा ५० टक्क्यांच्या आत. १२५ ते २३० मध्ये ५० ते ६९ टक्के. २३० च्या वर गेला तर ७० किंवा त्याहून अधिक. प्रत्येक पायरीवर एक अट आहे, आणि ती वाचायला लोक विसरतात. चित्रात त्या मानाने थर दिसलाच पाहिजे.

काकांच्या पहिल्या रिपोर्टात वेग २६५ होता. कोष्टकाप्रमाणे ७० च्या वर, म्हणजे लिहिणाऱ्याने कोष्टक बरोबर वापरलं होतं. मी फाइलमधली छापील चित्रं काढून खिडकीपाशी नेली, आणि गडबड तिथे सापडली.

ती समजण्यासाठी वेग कसा मोजला जातो ते पाहावं लागेल. गाडी शिट्टी वाजवत येते तेव्हा तिचा सूर चढा लागतो आणि पुढे निघून गेली की उतरतो. ख्रिस्तियान डॉपलरने हा नियम १८४२ मध्ये प्रागमध्ये मांडला. आमच्या हातातला प्रोब ध्वनिलहरी सोडतो, त्या धावत्या रक्तपेशींवरून परततात, आणि त्यांच्या सुरातल्या फरकावरून वेग काढता येतो. पण रुळांच्या बाजूला उभं राहून पाहा. गाडी अगदी समोरून आडवी जाते त्या क्षणी सुरात काहीच फरक पडत नाही, कारण त्या क्षणी ती तुमच्याकडे येतही नसते आणि तुमच्यापासून दूरही जात नसते. यंत्रालाही वेगाचा फक्त तेवढाच भाग ऐकू येतो, जो त्याच्या दिशेने आहे. धमनी मानेत कातडीला जवळपास समांतर धावते, आणि प्रोब कातडीवर ठेवलेला असतो. त्यामुळे लहर रक्ताच्या वाटेला तिरपी लागते. खरा वेग काढायला तो तिरपा कोन यंत्राला सांगावा लागतो.

सांगतो कोण? तपासणारा माणूस. पडद्यावर एक बारीक रेघ असते. ती फिरवून धमनीच्या भिंतीला समांतर करायची आणि तिथे कोनाचा आकडा वाचायचा. कोन ६० अंश असेल तर यंत्र ऐकू आलेला वेग दुप्पट करून दाखवतं. ७० अंश असेल तर जवळजवळ तिप्पट. कोन जितका ९० कडे सरकतो, तितकी लहान चूक मोठी होत जाते. खरा कोन ४५ असताना ५ अंश जास्त लावला तर वेग साधारण १० टक्क्यांनी फुगतो. खरा ६० असताना तीच चूक १८ टक्के होते. म्हणून कोन ६० च्या वर जाऊ द्यायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम आहे.

काकांच्या त्या चित्रात कोन ७० लिहिलेला होता. शिवाय रेघ भिंतीला समांतर नव्हती. भिंत एकीकडे, रेघ तिच्यापासून साधारण १० अंश कललेली. म्हणजे खरा कोन ६० च्या आसपास असणार. २६५ हा आकडा जवळजवळ तिप्पट करून आला होता, तर यंत्राला प्रत्यक्षात ऐकू आलेला वेग ९१ च्या आसपास. तोच खऱ्या कोनाने दुप्पट केला तर १८२ होतो. रेघ थोडी कलली आणि एक माणूस कोष्टकाच्या एका घरातून दुसऱ्या घरात गेला.

हा हिशेब मी कागदावर केला असला तरी रिपोर्ट कागदावरून द्यायचा नसतो. काकांना टेबलावर निजवलं, मान थोडी उजवीकडे वळवली, जेल लावलं. रंग न लावता, नुसतं करडं चित्र आधी बघायचं असा माझा शिरस्ता आहे. रक्ताला रंग दिला की तो कधीकधी भिंतीवर सांडतो, आणि काळसर मऊ थर त्याखाली झाकून जातो. आधी धमनी आडवी कापल्यासारखी, खालून वर सरकत पाहिली, मग लांबीत. फाट्याच्या तोंडाशी मागच्या भिंतीवर थर होता, जाड आणि एकाच बाजूला झुकलेला.

त्या थराचा रंग बघणं हे टक्केवारीइतकंच महत्त्वाचं आहे. चुना भरलेला थर पडद्यावर पांढरा दिसतो आणि मागे काळी सावली टाकतो. तंतुमय थर करडा आणि एकसंध दिसतो. मेद भरलेला किंवा आत रक्त साकळलेला थर काळसर दिसतो, कधीकधी रक्ताइतकाच काळा, आणि अशा थरातून गुठळ्या सुटण्याचा धोका जास्त असतो. काकांचा थर बराचसा काळसर होता आणि पृष्ठभाग ओबडधोबड. रंग लावल्यावर एका ठिकाणी थराच्या आत खड्डा असल्यासारखं रक्त शिरताना दिसलं. सोनोग्राफीत अशा खड्ड्याला जखम म्हणायला मी कचरते, कारण दोन शेजारच्या थरांमधली खाचही तशीच दिसते. रिपोर्टात ‘पृष्ठभाग अनियमित’ एवढंच लिहिलं.

मग वेग. प्रोबचं एक टोक थोडं दाबून धमनी पडद्यावर तिरपी आणली आणि कोन ५६ वर बसवला. अरुंद जागेच्या आत आणि तिच्या लगेच पुढे छोटी खिडकी सरकवत गेले, कारण सर्वांत मोठा वेग नेमक्या एका ठिकाणी असतो आणि तो हुकला की सगळंच कमी दिसतं. शिखर १८६ मिळालं. खालच्या, फाटा फुटायच्या आधीच्या धमनीत वेग ७८ होता. दोघांचं प्रमाण जवळजवळ २.४. हे प्रमाण का काढायचं? कारण काही माणसांचं हृदय जोरात ढकलतं आणि काहींचं थकलेलं असतं. नुसत्या शिखरावर त्याचा परिणाम होतो. भागाकारात तो बराचसा वजा होतो. प्रमाण २ ते ४ असेल तर ५० ते ६९ टक्के. उजवीकडची धमनी जवळपास मोकळी होती, हेही पाहून घेतलं, कारण एक बाजू पूर्ण बंद असली की दुसऱ्या बाजूला जास्त रक्त वाहून न्यावं लागतं आणि अरुंदपणा नसतानाही तिथला वेग चढतो.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. १२५ या पहिल्या पायरीवर गेल्या काही वर्षांत बरीच टीका झाली आहे. त्या आकड्यामुळे ५० टक्क्यांच्या आतले अनेक रुग्ण वरच्या घरात ढकलले जातात. अमेरिकेतल्या रक्तवाहिनी तपासणी केंद्रांना मान्यता देणाऱ्या संस्थेने आता सुचवलं आहे की ५० टक्के म्हणायला वेग १८० तरी हवा, किंवा १२५ च्या जोडीला प्रमाण २ च्या वर हवं. मला ही दुरुस्ती योग्य वाटते. काका दोन्ही कसोट्यांवर ५० च्या वर होते आणि ७० च्या खाली.

मुलगा थोडा सुखावला. “म्हणजे ऑपरेशन टळलं?” तसंही नव्हतं. नॅसेटमध्ये लक्षणं आलेल्या आणि ७० टक्क्यांहून जास्त अरुंदपणा असलेल्या रुग्णांना फक्त औषधं दिली, तेव्हा २ वर्षांत त्या बाजूचा झटका १०० पैकी २६ जणांना आला, आणि धमनी साफ करण्याचं ऑपरेशन केलेल्यांपैकी ९ जणांना. ५० ते ६९ टक्क्यांच्या गटाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. तिथे ५ वर्षांत औषधांवर २२ जणांना आणि ऑपरेशनने जवळजवळ १६ जणांना. फायदा आहे, पण कितीतरी कमी. त्यामुळे ७० च्या वर असलेल्या माणसाला सर्जन सरळ तयारीला लागा म्हणतात. ६० टक्के असलेल्याच्या बाबतीत बाकीच्या गोष्टी तराजूत घालाव्या लागतात. झटका ताजा आहे का, मेंदूला बसला की फक्त डोळ्याला, थर कसा आहे, आणि सर्जनच्या हातून गुंतागुंत किती होते. काकांच्या सीटी अँजिओग्राफीत अरुंद जागा २ मिलिमीटर आणि वरची धमनी ५ मिलिमीटर आली. पुरुष, ताजा झटका, तोही मेंदूचा, आणि काळसर थर. मेंदूविकारतज्ज्ञ आणि सर्जन यांनी बसून ऑपरेशनच ठरवलं, आणि झटक्यानंतर अकराव्या दिवशी ते झालं. पहिल्या दोन आठवड्यांत केलं तर त्याचा फायदा सर्वाधिक असतो. तेव्हा आकडा खाली आला आणि ऑपरेशन तरीही झालं. फरक एवढाच की ते चुकलेल्या रेघेवर बेतून झालं नाही.

याच्या उलट चूक जास्त घातक असते. एका बाईंच्या आतल्या कॅरोटिडमधला वेग फक्त ८८ होता. कोष्टकात घातलं तर ५० टक्क्यांच्या आत, आणि पहिल्या फेरीत तसं लिहिलंही गेलं होतं. पण करड्या चित्रात फुगवटा थराने जवळपास भरलेला होता. रंगात दोऱ्याएवढी एक रेघ तेवढी वाहत होती. नळी अंगठ्याने दाबत गेलं की पाण्याचा जोर वाढतो, पण अगदी चिमटीत धरली की नुसतं ठिबकतं. धमनीचं तेच होतं. अरुंदपणा वाढतो तसा वेग आधी चढतो, आणि धमनी बंद व्हायला आली की पुन्हा कोसळतो. मेरिल स्पेन्सर आणि जॉन रीड यांनी १९७९ मध्ये या चढ-उताराचा आलेख काढून दाखवला होता. उतरत्या बाजूवर ८८ हा वेग निरोगी माणसासारखाच दिसतो.

ओळखायचं कसं? चित्र आणि आकडा यांचं पटत नसेल तर आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. त्या बाईंची वरची धमनी आक्रसून बारीक झाली होती. खालच्या धमनीत रक्त प्रत्येक ठोक्याला भिंतीवर आपटल्यासारखं उडत होतं आणि दोन ठोक्यांच्या मध्ये जवळपास थांबत होतं. पुढे वाट नसल्याची ती खूण. उजवीकडचा आणि डावीकडचा आलेख शेजारी ठेवला असता तर हे एका नजरेत कळलं असतं. अशा वेळी रिपोर्टात टक्केवारी लिहायचीच नसते. ‘जवळपास बंद’ असं लिहायचं आणि सीटी अँजिओग्राफी मागवायची.

डॉपलरला काही कोपरे दिसतच नाहीत. पांढऱ्या, चुनेदार थराची सावली सेंटिमीटरभर लांब पसरली, तर तिच्या आत ना चित्र मिळतं ना वेग. सावलीच्या पुढे रक्त खळाळत आहे का, एवढंच पाहता येतं. कवटीच्या आतल्या धमन्या मानेच्या तपासणीत येत नाहीत, आणि भारतीयांमध्ये झटक्याचं कारण कवटीच्या आत असणं पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आढळतं. म्हणून मानेचा रिपोर्ट स्वच्छ आला की झटक्याचा शोध संपला, असं होत नाही.

तुमच्या घरात कोणाची मानेची डॉपलर झाली असेल, तर रिपोर्टाबरोबर मिळालेली चित्रांची शीट टाकून देऊ नका. पुढच्या तपासणीला ती घेऊन या. तीवर कोनाचा आकडा छापलेला असतो, आणि तो ६० च्या वर दिसला किंवा रेघ भिंतीपासून कललेली दिसली, तर डॉक्टरांना विचारा. आणि दहाच मिनिटांसाठी का होईना, कोणाचा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं थांबलं किंवा एका डोळ्यासमोर पडदा आला, तर बरं वाटलं म्हणून घरी थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.